तानपुऱ्याला पंखा समजणारं यंत्र

ऑनलाइन गाण्याच्या शिकवणीत एक तक्रार हमखास येते. शिकवणाऱ्या ताईंनी तानपुरा लावलेला असतो, त्यांच्या खोलीत तो छान घुमत असतो, आणि पलीकडची मुलगी म्हणते, "ताई, तानपुरा ऐकूच येत नाहीये." ताई तानपुरा लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकवतात. दोनचार सेकंद तो ऐकू येतो आणि पुन्हा विरून जातो. मग ताई षड्ज लावतात. सुरुवातीला आवाज भरीव येतो, पण सूर लांबला की पातळ होत जातो, शेवटी तर मध्येच गिळल्यासारखा होतो. दोघींचंही एकमत होतं: नेट खराब आहे.

बहुतेक वेळा नेटचा यात काही दोष नसतो. आवाज वाटेत हरवत नाही, तो ताईंच्या लॅपटॉपमध्येच कापला जातो, आणि तोही मुद्दाम.

व्हिडिओ कॉलची सगळी ॲप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत. बोलण्याचा आवाज सतत बदलतो. अक्षरं येतात, जातात, मध्ये बारीक थांबे असतात. याउलट जो आवाज एकसारखा चालू राहतो, तो पंख्याचा, एसीचा, नाही तर रस्त्यावरच्या रहदारीचा. म्हणून ही ॲप्स माइकमधून येणाऱ्या आवाजातला एकसारखा भाग हुडकतात आणि काढून टाकतात. मीटिंगमध्ये हे फार सोयीचं ठरतं. पण तानपुऱ्याचं सगळं मोठेपणच त्याच्या न बदलण्यात आहे. यंत्राच्या लेखी तो पंखाच. आलापातला स्थिर लावलेला सूरही त्याला संशयास्पद वाटतो आणि दोनतीन सेकंदांत त्याची छाटणी सुरू होते. तबल्यातही हेच होतं: चाटेवरचा 'ना' टणटणीत ऐकू येतो, पण डग्ग्याची घुमार नाहीशी होते. गमतीची गोष्ट अशी की गाणं जितकं स्थिर आणि सुरेल, तितकी कात्री जास्त चालते. सतत ताना मारणाऱ्याचं त्यामानाने निभावतं.

नेटचा दोष आणि ही कात्री यांतला फरक कानाने ओळखता येतो. नेट अडखळलं की आवाज कुठेही तुटतो, बोलतानाही तुटतो. शब्द यांत्रिक, खरखरीत होतात आणि बहुधा चित्रही गोठतं. कात्री मात्र ठरलेल्या जागीच चालते. बोलणं स्वच्छ, चित्र स्वच्छ, आणि सूर लांबला की आवाज गेला. तीच ओळ पुन्हा गायला लावली की पुन्हा त्याच जागी गेला. असं झालं तर राउटरच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

झूमवर यासाठी खास सोय आहे. संगणकावर Settings मध्ये Audio उघडलं की Original sound for musicians हा पर्याय दिसतो. तो निवडला की त्याखाली High-fidelity music mode, Echo cancellation आणि Stereo audio अशा तीन चौकटी असतात. पहिलीत खूण करायची. तिसरी सोडून द्यायची, एका माइकवर स्टिरिओला काही काम नसतं. मधल्या चौकटीचं पुढे सविस्तर बोलू. एवढं केल्यावर मीटिंग सुरू झाली की खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात त्याच नावाचं बटण दिसतं. ते On आहे ना, एवढं दर वेळी पाहायचं. सेटिंगमध्ये निवड केली आणि बटण मात्र Off राहिलं, असं वारंवार होतं.

त्याहूनही जास्त वेळा होणारी गफलत म्हणजे बटण चुकीच्या टोकाला दाबणं. ताईंचा तानपुरा ऐकू येत नाही म्हणून ती मुलगी आपल्या लॅपटॉपवर हे बटण दाबते. त्याने काही होत नाही, कारण कात्री आवाज पाठवणाऱ्याकडे चालते. ताईंचा आवाज नीट यायला हवा तर बटण ताईंनी दाबायचं, मुलीचा यायला हवा तर मुलीने. शिकवणीत दोघींनीही दाबायला हवं.

Audio च्या त्याच पानावर Automatically adjust microphone volume अशी आणखी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढून टाकावी. ती असली की ॲप माइकचा आवाज आपणहून कमीजास्त करत बसतं. मंद्रातला हळू सूर ते ओढून मोठा करतं, तारषड्ज लागला की दाबतं. समोरच्याला सगळं एकाच जोराने ऐकू येतं. एखाद्या मुलीच्या गाण्यात चढउतारच नाही असं शिक्षकांना वाटत असतं आणि तो चढउतार या चौकटीने सपाट केलेला असतो. खूण काढल्यावर पातळी हाताने लावायची: आपला सर्वांत जोरकस तार सूर लावून पाहायचा आणि माइकची पट्टी टोकाला भिडणार नाही इतपतच ठेवायची. लॅपटॉपपासून हातभर अंतर ठेवलं तर हे सहज जमतं.

कधीकधी झूममध्ये सगळं बरोबर असतं, तरी आवाज कापलेलाच येतो. मग कात्री दुसऱ्या हातात आहे असं समजावं. मॅकवर आणि आयफोनवर कॉल चालू असताना Mic Mode असा पर्याय मिळतो. तिथे Voice Isolation निवडलेलं असेल तर माणसाच्या बोलण्याखेरीज सगळं गाळलं जातं. संगीतासाठी Wide Spectrum ठेवायचं. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत Audio enhancements नावाचा पर्याय असतो, तो बंद करायचा. गूगल मीटच्या Audio सेटिंगमध्ये आवाज गाळण्याचं बटण Noise cancellation किंवा Studio sound या नावाने दिसतं, ते बंद केलं की बराच फरक पडतो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येही High fidelity music mode आहे. व्हॉट्सॲप विचारपूस करायला उत्तम. शिकवणी त्यावर घेऊ नये असं माझं मत.

आता ती मधली चौकट, Echo cancellation.

प्रतिध्वनी होतो कसा ते आधी पाहू. ताईंचा आवाज मुलीच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिच्याच माइकमध्ये शिरतो आणि ताईंकडे परत येतो. ताईंना आपलाच आवाज अर्ध्या क्षणाने ऐकू येतो. म्हणजे प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. तो समोरच्या टोकाला असतो. हे एकदा ध्यानात आलं की शोध सोपा होतो. दहाबारा जणांच्या वर्गात ताईंना आपला आवाज घुमून येत असेल, तर एकेकाला म्यूट करत जायचं. ज्याला म्यूट केल्यावर घुमणं थांबलं, त्याचा स्पीकर उघडा आहे. एकाच खोलीत लॅपटॉप आणि फोन दोन्ही मीटिंगमध्ये शिरले असतील तर मात्र नुसतं घुमणं नाही, शिट्टीच सुरू होते. अशा वेळी एका यंत्राचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावे लागतात.

हा प्रतिध्वनी खोडण्याची विद्या जुनी आहे. उपग्रहावरून दूरचे टेलिफोन कॉल सुरू झाले तेव्हा आवाजाला जायला-यायला इतका वेळ लागू लागला की बोलणाऱ्याला आपलाच प्रतिध्वनी त्रास देई. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यावर काम झालं, आणि भारतात जन्मलेले संशोधक मनमोहन सोंधी यांचा 1967 मधला लेख या विषयात पायाभूत मानला जातो. कल्पना अशी: पलीकडून आलेला आवाज यंत्राला ठाऊकच असतो. तो या टोकाला किती बदलून, किती उशिराने परत फिरेल याचा यंत्र अंदाज बांधतं आणि जाणाऱ्या आवाजातून तेवढा भाग वजा करतं. परिस्थिती बदलली की अंदाजही सुधारून घेतं.

एक माणूस बोलतो आणि दुसरा ऐकतो, तोवर हे छान चालतं. दोघं एकदम बोलू लागले की यंत्र गोंधळतं, कारण माइकमध्ये आलेल्यातलं परत फिरलेलं किती आणि नवं किती हे त्याला उलगडत नाही. मग ते सुरक्षित मार्ग धरतं आणि एकाचा आवाज दाबून टाकतं. शिकवणीत हे सतत घडतं. मुलगी गात असते, ताई मध्येच "वा" किंवा "गंधार जरा वर" म्हणतात आणि त्याच क्षणी मुलीचं गाणं तुटतं. गाणाऱ्याच्या मागे स्पीकरवर संगीत लागलं असेल तर आणखी गोंधळ होतो, कारण यंत्राला सगळंच दोन माणसं एकदम बोलल्यासारखं भासतं.

यावर उपाय साधा आहे. यंत्राने करायचं काम हेडफोनला द्यायचं. स्पीकरमधून आवाज बाहेरच आला नाही, तर माइकमध्ये शिरणार कुठून? दोन्ही टोकांना हेडफोन असतील तर Echo cancellation ची खूण बिनधास्त काढावी. मग दोघी एकदम बोलल्या, गायल्या तरी कुणाचा आवाज दबत नाही. पण एकीनेही हेडफोन काढून स्पीकर लावला, तर तिच्याकडची खूण परत करावी लागते. नाहीतर दुसरीला आपला आवाज पूर्ण ताकदीने परत ऐकू येईल. मोठ्या वर्गात हा नियम सगळ्यांकडून पाळून घेणं अवघड जातं. तिथे खूण राहू द्यावी आणि गाणारी सोडून बाकी सगळ्यांनी म्यूट राहावं.

हेडफोन वायरचे हवेत. ब्लूटूथ हेडफोन गाणी ऐकायला कितीही चांगले असले, तरी त्यांचा माइक वापरायला घेतला की बहुतेक हेडफोन टेलिफोनच्या दर्जावर उतरतात. वरची झळाळी जाते, आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो, शिवाय थोडा उशीरही वाढतो. वायरचा साधा हेडफोन या कामात महागड्या ब्लूटूथपेक्षा सरस ठरतो. काही गायकांना दोन्ही कान झाकले की स्वतःचा सूर कळेनासा होतो. त्यांनी एका कानावरचा हेडफोन किंचित सरकवून ठेवावा.

एवढं झालं की कात्री थांबते आणि घुमणं थांबतं. तिसरी अडचण उरते, आणि ती कुठल्याही बटणाने जात नाही: उशीर.

पुण्याच्या ताई आणि न्यू जर्सीतली शिष्या यांचं उदाहरण घेऊ. सरळ रेषेत अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासालाच एका बाजूने 60 मिलिसेकंदांहून जास्त लागतात. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, वाटेत सर्व्हर असतात, ॲप थोडा आवाज साठवून मग पुढे सोडतं. सगळं धरून जायला-यायला मिळून सेकंदाचा तिसरा हिस्सा, 350 मिलिसेकंद, सहज होतो. गप्पा मारताना तो जाणवत नाही.

आता ताईंनी आपल्याकडे तबल्याच्या ॲपवर मध्यलय तीनताल लावला, मिनिटाला 120 मात्रांचा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. ठेका शिष्येपर्यंत उशिरा पोचतो, ती तो ऐकून अचूक समेवर येते, आणि तिचं गाणं ताईंपर्यंत यायला पुन्हा उशीर होतो. ताईंच्या कानात सम 350 मिलिसेकंद मागे पडते, मात्रेच्या दोनतृतीयांश इतकी. ताई म्हणतात, "मागे पडतेस." ती म्हणते, "ताई, मी समेवरच आले!" आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. लय दुप्पट केली, 240 मात्रांची द्रुत, तर हाच उशीर जवळजवळ दीड मात्रेचा होतो. उलट विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असली तर तो फारसा बोचत नाही. ख्यालाचा पूर्वार्ध ऑनलाइन बरा जमतो आणि द्रुत बंदिशीला भांडणं होतात, त्याचं कारण हे.

मार्ग एकच: ठेका जो गातो त्याच्या खोलीत वाजला पाहिजे. शिष्येने तबल्याचं ॲप आपल्याकडे दुसऱ्या फोनवर लावायचं, स्पीकर उघडा ठेवून, लॅपटॉपपासून चारपाच फूट दूर. तिच्या माइकमध्ये ठेका आणि गळा एकत्रच शिरतात, एकत्रच प्रवास करतात आणि ताईंना एकमेकांत बसलेलेच ऐकू येतात. सगळं उशिरा पोचतं, पण सारख्याच उशिराने, त्यामुळे लय मोडत नाही. ताईंना गाऊन दाखवायचं असेल तेव्हा शिष्येने ठेका थांबवायचा आणि ताईंनी आपला सुरू करायचा. थोडी ये-जा होते, पण सम कुणाची चुकली हे निदान खरंखुरं कळतं. यासाठी दोन्हीकडे Original sound चालू हवा, नाहीतर दूर वाजणारा ठेका पहिल्या आवर्तनातच कात्रीत सापडतो.

ठेका लॅपटॉपवरच लावून झूममधून पाठवता येतो, पण ताल धरून गायचं असेल तर मला ती रीत पटत नाही. संगणकाचा आवाज एका वाटेने जातो आणि माइकचा दुसऱ्या, आणि पलीकडे पोचताना ते कधीकधी थोडे पुढेमागे होतात. एखादी जुनी ध्वनिमुद्रिका सगळ्या वर्गाला ऐकवायची असेल तर मात्र तीच रीत योग्य. फोन माइकसमोर धरून ऐकवणाऱ्यांची संख्या अजूनही मोठी आहे, आणि त्यात मूळ मुद्रिकेतलं अर्धंच पोचतं. झूमवर Share Screen मध्ये Share sound ची खूण करायची. मीटवर क्रोममधला टॅब दाखवायचा आणि Also share tab audio चालू ठेवायचं. आवाज माइकला वळसा घालून थेट जातो, त्यामुळे तो कापलाही जात नाही आणि घुमतही नाही.

तानपुऱ्याला मात्र लय नाही, आणि या सगळ्या भानगडीत हा त्याचा मोठा गुण ठरतो. तो उशिरा ऐकू आला काय, लवकर काय, स्वर तोच राहतो. इंटरनेटच्या प्रवासात स्वराची उंचीही बदलत नाही. म्हणून तानपुरा पाठवण्याची मुळात गरजच नाही. दोघींनी आपापल्या ॲपवर एकच पट्टी लावायची, समजा काळी पाच, आणि आपापल्याच खोलीत तानपुरा चालू ठेवायचा. ताईंकडे तारांचा तानपुरा असेल आणि तो किंचित चढा किंवा उतरा लागलेला असेल, तर त्यांनी षड्ज धरायचा आणि शिष्येने ॲपमधल्या बारीक फरकाच्या कळीने आपली पट्टी त्याला मिळवायची. दोन स्वर जवळ आले की मिळताना लाटांसारखं हेलकावणं ऐकू येतं. ते मंदावत मंदावत थांबलं की जमलं. तानपुऱ्याचं ॲप मात्र ज्या फोनवर कॉल चालू आहे त्यावरच लावू नये. कॉल सुरू झाला की फोन बाकीचे आवाज दाबतो किंवा थांबवतो.

Original sound चालू केल्यावर एक गोष्ट नव्याने सोसावी लागते. आता ॲप काहीच गाळत नाही, तेव्हा छताचा पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिल सगळं पलीकडे पोचतं. पंखा बंद, खिडकी बंद आणि उन्हाळ्यात घाम पुसत आलाप, याला पर्याय नाही. एसी असेल तर सुरुवातीला खोली गार करून घ्यावी आणि गाताना बंद करावा.

आपला आवाज पलीकडे कसा जातो हे आपल्याला कधीच ऐकू येत नाही, म्हणून तपासणी पलीकडूनच करायला हवी. घरातल्या कुणाला तरी फोनवरून मीटिंगमध्ये घ्यायचं, हेडफोन लावून दुसऱ्या खोलीत दार बंद करून बसवायचं आणि मीटिंगचं रेकॉर्डिंग शिष्येकडून मागवायचं. तपासताना बोलू नये. दहा सेकंद टिकणारा षड्ज लावावा, मंद्र पंचम हळू लावावा, तारसप्तकात एकदा जोर करावा, आणि तबला असेल तर डग्ग्यावर घिस्सा काढावा. हे चारही शाबूत पोचले तर बाकीचं पोचतंच. याउपर आवाज तुटला तर तो नेटचा. झूमच्या या उच्च दर्जाच्या आवाजाला एका माइकवर सेकंदाला 96 किलोबिट पुरतात, चित्राच्या मानाने अगदी थोडे. म्हणून आधी कॅमेरा बंद करून पाहावा. मग लॅपटॉप वायफायऐवजी केबलने राउटरला जोडावा. वेग चांगला असूनही आवाज अडखळत असेल, तर दोष बहुधा वायफायच्या लहरीपणात असतो.

राहता राहिली एकत्र गाण्याची, जुगलबंदीची हौस. सोबत वाजवणाऱ्या दोघांमधला उशीर 25 ते 30 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय ओढली जाऊ लागते. हवेतून तेवढ्या वेळात आवाज नऊदहा मीटर जातो, म्हणजे मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांइतकं अंतर. जॅमुलस आणि जॅकट्रिप ही मोफत सॉफ्टवेअर या उशिरासाठीच बनवलेली आहेत. जॅकट्रिपची सुरुवात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली. ती चित्राच्या भानगडीत पडत नाहीत आणि आवाज जवळजवळ साठवत नाहीत. केबलचं नेट, वायरचा हेडफोन आणि साधा ऑडिओ इंटरफेस असेल तर पुण्यातल्या पुण्यात, कदाचित पुणे-मुंबईही, दोघांना तालात वाजवता येतं. न्यू जर्सीशी मात्र ते शक्य नाही, कारण तिथे प्रकाशालाच एका फेरीत 60 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अंतरावरच्या दोघांनी एकाने आपला भाग ठेक्यासह आधी मुद्रित करून पाठवावा आणि दुसऱ्याने तो ऐकत आपला भरावा.